27 टक्के की 19 टक्के: गाळ्यात कोणतं मशीन बसवावं?

प्रश्न: भोसरीत माझा जॉबवर्कचा गाळा आहे. सासवडची जमीन विकून 30 लाख हाती आलेत. गाळ्यात एकाच मशीनची जागा आहे. जुनं व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, 8 लाखांना मिळतंय. 3 वर्षं चालेल, कर आणि सगळा खर्च जाऊन वर्षाला 4.2 लाख सुटतील. नवं 30 लाखांचं, 8 वर्षं चालेल, वर्षाला 7.5 लाख सुटतील. मुलाने एक्सेलमध्ये आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक परताव्याचा दर, काढला: जुन्याचा 27 टक्के, नव्याचा 19. मग जुनंच घ्यावं ना?

उत्तर: मुलाने काढलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. 27 टक्के मिळणार ते 8 लाखांवर, आणि तेही 3 वर्षंच. उरलेले 22 लाख कुठे जाणार? ते जिथे जातील तिथला परतावा 27 टक्के नसेल. आयआरआर रुपया किती वेगाने वाढतो ते सांगतो. किती रुपये वाढले, ते सांगत नाही. दोन्ही मशीनं घेता आली असती तर हा प्रश्नच नव्हता. एकच निवडायचं असल्यामुळे रुपयांत मोजावं लागतं, आणि ते काम एनपीव्हीचं, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा आज घातलेला पैसा.

पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणण्यासाठी आधी एक दर ठरवू. मशीनइतक्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात हा पैसा लावला असता तर किती सुटले असते? मी 12 टक्के धरतो. बँकेतल्या ठेवीचा दर इथे धरू नका, तिथे ऑर्डर रद्द होण्याची भीती नसते.

12 टक्क्यांनी नव्या मशीनच्या 8 वर्षांच्या रकमांची आजची किंमत होते 37.26 लाख. त्यातून 30 लाख वजा केले की एनपीव्ही 7.26 लाख. जुन्याच्या 3 वर्षांच्या रकमांची आजची किंमत 10.09 लाख, म्हणजे एनपीव्ही 2.09 लाख. उरलेले 22 लाख 12 टक्क्यांनीच लावले तर त्यांची एनपीव्ही शून्य, त्यामुळे त्यांनी हे चित्र बदलत नाही. (एक्सेलचं `NPV` पहिली रक्कम वर्षाअखेरची धरतं. म्हणून गुंतवणूक `B1` मध्ये उणे लिहून `=NPV(12%,B2:B9)+B1` असं करा. `B1` आत घातलं तर उत्तर चुकतं.)

पण इथेच थांबलो तर जुन्यावर अन्याय होईल. ते 3 वर्षांत जाईल, मग गाळा रिकामा. तिथे दुसरं मशीन येईलच. 3 वर्षांची एनपीव्ही 8 वर्षांच्या एनपीव्हीशेजारी तशीच ठेवणं योग्य नाही. म्हणून दोन्हींची वर्षाची सरासरी काढू: मशीनची किंमत 12 टक्क्यांनी तिच्या आयुष्यावर समान हप्त्यांत पसरायची आणि वार्षिक उत्पन्नातून वजा करायची. जुन्याचा असा हप्ता 3.33 लाख, म्हणून वर्षाला 87 हजार शिल्लक. नव्याचा 6.04 लाख, शिल्लक 1.46 लाख. म्हणजे दर 3 वर्षांनी तसंच जुनं मशीन त्याच भावात मिळत राहिलं, तरीही नवंच पुढे. त्यातही अशा जुन्या मशीनचा भाव पुढच्या खरेदीला 8 लाखच राहील, असं मी तरी गृहीत धरणार नाही.

आता माझी खरी शंका. नव्याची आघाडी वर्षाला जेमतेम 60 हजारांची आहे. 7.5 लाखांऐवजी 6.9 लाख सुटले की ती संपते, म्हणजे फक्त 8 टक्के घट. आणि दर 12 ऐवजी 16 टक्के धरला तर जुनं पुढे जातं. काटा साधारण 15.7 टक्क्यांवर फिरतो. तुमचं सगळं काम चाकणच्या एकाच कंपनीचं असेल, तर 16 टक्के धरणंही अवाजवी नाही.

म्हणून 7.5 लाख कशातून आले ते तपासा. मशीनचा रोज किती तास वापर धरला आहे? त्यातले किती तास आज हातात असलेल्या ऑर्डरींनी भरतात आणि किती अंदाजाने? अंदाजाच्या तासांचे पैसे वगळूनही 6.9 लाख सुटत असतील तर नवं बुक करा. नसतील तर 8 लाखांचं जुनं घ्या आणि 22 लाख बाजूला ठेवा. 3 वर्षांनी ऑर्डरींचं चित्र पाहून पुन्हा निवडता येईल. जुनं घेण्याचं खरं कारण ही मोकळीक आहे, 27 टक्के नाही.