आईच्या वतीने घरमालकाच्या नोटिशीला ठाम पण धमकीविरहित उत्तर कसं लिहावं?

प्रश्न: आम्ही महाराष्ट्रात जुन्या चाळीतल्या खोलीत राहतो, भाडेपावती आईच्या नावावर आहे, भाडं १,८०० रुपये. मालकाच्या वकिलाची नोटीस आली: जानेवारी ते एप्रिलचं भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, १५ दिवसांत खोली रिकामी करा. जानेवारीचं भाडं रोख दिलं, पावती मिळाली नाही. फेब्रुवारीचा चेक वटला. मार्च-एप्रिलच्या मनिऑर्डरी त्यांनी परत पाठवल्या. 'पोटभाडेकरू' म्हणजे कॉलेजसाठी आलेला आईचा भाचा. वर पाणी तोडू असं तोंडी सांगितलंय. माझ्या भावाने रागात उत्तर लिहिलंय (खाली दिलंय). ते ठाम राहील पण धमकी वाटणार नाही असं करून द्याल का?

*"छत गळतं म्हणून भाडं दिलं नाही आणि देणारही नाही. आमच्या घरात कोणाला ठेवायचं ते आम्ही ठरवू. तुम्ही मालक आहात याचा पुरावा दाखवा. पाणी तोडलंत तर पोलिसांत खेचू, पेपरात बदनामी करू."*

उत्तर:

हे उत्तर मालक वाचून रागावेल की घाबरेल याचा विचार बाजूला ठेवा. दावा लागला तर हाच कागद न्यायालयात दाखल होईल, आणि आईच्या सहीखालचं प्रत्येक वाक्य तिची कबुली म्हणून वाचलं जाईल. त्या नजरेने भावाचा मजकूर पाहिला, तर धमक्यांपेक्षा आधीची तीन वाक्यं जास्त घातक आहेत.

'गळतं म्हणून भाडं दिलं नाही' हे पहिलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ चं संरक्षण भाडं देणाऱ्याला किंवा द्यायला तयार असणाऱ्याला आहे. आईने मनिऑर्डरी पाठवल्या, म्हणजे ती तयार होती. हे वाक्य तो सगळा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतं, शिवाय ते खोटंही आहे. गळतीसाठी भाडं अडवता येत नाही. दुरुस्तीची किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, मालकाने दुर्लक्ष केलं तर आपण काम करून खर्च भाड्यातून वळता करायचा, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, असा कलम १४ चा रस्ता आहे. तुमच्याकडे हे १,८०० गुणिले १२ म्हणजे २१,६००, त्याचे ५,४०० रुपये होतात. म्हणून गळतीचा मुद्दा भाड्यापासून तोडून वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

'कोणाला ठेवायचं ते आम्ही ठरवू' याचा अर्थ 'कोणीतरी ठेवलंय' एवढाच निघतो. इथे सर्वांत जास्त सांभाळा. थकबाकीचा दोष मुदतीत पैसे भरून दूर होतो. पोटभाडेकरूचा आरोप सिद्ध झाला तर पैसे भरून सुटका नाही, ताबा जाऊ शकतो. मालकाला दाखवावं लागतं की जागेचा स्वतंत्र ताबा दुसऱ्याकडे गेला आणि त्याबद्दल मोबदला घेतला गेला. तेव्हा उत्तरात भाचा कोण, कशासाठी आला, आई स्वतः तिथेच राहते आणि ताबा तिचाच आहे, हे साध्या शब्दांत यायला हवं. लिहिण्याआधी आईच्या बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार तपासा. भाचा दरमहा काही पाठवत असेल, आणि शेऱ्यात 'रेंट' लिहिलं असेल, तर 'एक पैसाही घेत नाही' हे वाक्य उलटतपासणीत अंगाशी येईल. तो जेवणाचा खर्च देत असेल तर तसंच लिहा.

'मालक असल्याचा पुरावा दाखवा' हे तर पूर्ण काढाच. भाडेकरूने मालकाची मालकी नाकारणं हे भाडेपट्टा संपुष्टात आणण्याचं कारण म्हणून पुढे केलं जातं. ज्याच्या भाडेपावत्या तुम्ही इतकी वर्षं घेत आलात, त्याची मालकी वादात आणून काहीच मिळत नाही.

आता धमकीबद्दल. पाणी तोडल्यास न्यायालयात दाद मागू, असं लिहिणं धमकी नाही. कायद्याने दिलेला उपाय सांगणं आणि वादाशी संबंध नसलेलं नुकसान करू म्हणणं यात फरक आहे. पेपर, बदनामी, 'खेचू' हे शब्द दुसऱ्या प्रकारात जातात आणि त्यातून मालकालाच तक्रारीला मुद्दा मिळतो. पाण्यासाठी कलम २९ पुरेसं आहे: मालकाला अत्यावश्यक पुरवठा योग्य कारणाशिवाय तोडता किंवा रोखता येत नाही.

मुदतीचं गणित असं. नोटिशीतले १५ दिवस मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधून येतात, पण भाडे नियंत्रणाखालच्या जागेत तेवढ्यावर खोली सोडावी लागत नाही. थकबाकीच्या कारणावर दावा करायला मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस जावे लागतात. नोटीस ६ मे रोजी मिळाली असेल तर ९० वा दिवस ४ ऑगस्ट. तोपर्यंत थांबू मात्र नका, पैसे उत्तरासोबतच पाठवा. जानेवारीचे १,८०० दिल्याचा पुरावा नाही, म्हणून माझ्या मते तेही पुन्हा, हरकत राखून भरा. १,८०० रुपयांच्या वादावर राहती खोली टांगून ठेवणं शहाणपणाचं नाही. मार्च, एप्रिल आणि जानेवारी मिळून ५,४०० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट मालकाच्या नावाने काढा.

उत्तर आईच्या नावाने, आईच्या सहीने जायला हवं, कारण भाडेकरू ती आहे. मुलाने सही केली तर 'खोलीत नेमकं कोण राहतं' हा नवाच प्रश्न उभा राहतो. मसुदा असा:

> प्रति,
> ॲड. ________
> (श्री. ________ यांचे वकील)
>
> विषय: आपल्या २ मे रोजीच्या नोटिशीस उत्तर
>
> महोदय,
>
> १. वरील नोटीस मला ६ मे रोजी मिळाली. माझ्या कायदेशीर हक्कांना बाधा न येता हे उत्तर देत आहे. यात स्पष्टपणे मान्य केलेल्या बाबी वगळता नोटिशीतील इतर कथने मला मान्य नाहीत.
>
> २. मी सदर खोलीची भाडेकरू आहे व दरमहा भाडे रु. १,८०० आहे, हे मान्य आहे.
>
> ३. चार महिन्यांचे रु. ७,२०० थकल्याचे कथन बरोबर नाही. जानेवारीचे भाडे मी रोख दिले. मागणी करूनही पावती मिळालेली नाही. फेब्रुवारीचे भाडे चेकने दिले व तो वटला आहे. मार्च व एप्रिलचे भाडे मनिऑर्डरने पाठवले. दोन्ही मनिऑर्डरी न स्वीकारता परत करण्यात आल्या.
>
> ४. भाडे देण्यास मी तयार होते व आहे. मार्च व एप्रिलचे रु. ३,६०० आणि जानेवारीबाबत रु. १,८००, एकूण रु. ५,४०० चा डिमांड ड्राफ्ट (क्र. ____) सोबत जोडला आहे. जानेवारीची रक्कम हरकत राखून देत आहे. ती पूर्वीच मिळाल्याचे आढळल्यास पुढील भाड्यात वळती करावी. कृपया पावती द्यावी. पुढील भाडे मी नियमित देत राहीन.
>
> ५. पोटभाडेकरू ठेवल्याचे कथन मला मान्य नाही. श्री. ________ हा माझा सख्खा भाचा असून शिक्षणासाठी माझ्या कुटुंबासोबत राहतो. मी स्वतः याच खोलीत राहते. खोलीचा अथवा तिच्या कोणत्याही भागाचा ताबा मी कोणालाही दिलेला नाही व त्याच्याकडून भाडे घेत नाही.
>
> ६. खोलीचे छत गळत आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करावी, अशी विनंती आहे. ही मागणी भाड्याच्या विषयापासून स्वतंत्र आहे.
>
> ७. आपल्या अशिलांनी पाणीपुरवठा बंद करण्याबाबत तोंडी सांगितले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार तसे करता येत नाही. पुरवठा चालू ठेवावा, ही विनंती. तो खंडित झाल्यास मला सक्षम न्यायालयाकडे दाद मागावी लागेल.
>
> ८. वरील कारणांमुळे खोली रिकामी करण्याची मागणी मला मान्य नाही. नोटीस मागे घ्यावी. याबाबत बोलणी करण्यास मी तयार आहे.
>
> आपली,
> (आईची सही, तारीख)

परिच्छेद ३ मध्ये तारखा घाला, पण ज्या कागदावर दाखवता येतात त्याच. रोख दिल्याची तारीख आठवणीने लिहून ती चुकली, तर बाकीच्या खऱ्या तारखांवरचाही विश्वास कमी होतो. पावती कधी मागितली नसेल तर 'मागणी करूनही' हे शब्द काढा. परिच्छेद ८ मधली बोलणीची तयारी मी मुद्दाम ठेवली आहे. त्यात कोणताही हक्क सुटत नाही.

पाठवण्याआधी ही अट तपासा: आईची जागा खरोखर भाडेपट्ट्याची आहे का? कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' असेल तर कलम १५ चं संरक्षण नाही, मुदत संपल्यावर कलम २४ लागतं, आणि हा मसुदा चालणार नाही. तुमच्याकडे चालू भाडेपावत्या आहेत, तेव्हा बहुधा अडचण नाही. तरी भाडेप्रकरणं चालवणाऱ्या स्थानिक वकिलाला नोटीस, पावत्या आणि मसुदा एकत्र दाखवा.

उत्तर वकिलाच्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवा, आणि ड्राफ्टची झेरॉक्स जोडून एक प्रत मालकाला. सही केलेली प्रत, टपालाची पावती, पोचपावती, मनिऑर्डरीच्या पावत्या आणि परतीच्या शेऱ्याचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. पाकीट परत आलं तर ते फोडू नका, शेऱ्यासह बंदच ठेवा. त्यातला ड्राफ्ट तीन महिन्यांत वटवावा लागतो, म्हणून पाकीट बंद ठेवून तेवढीच रक्कम ४ ऑगस्टच्या आत पुन्हा मनिऑर्डरने पाठवा आणि तिची पावतीही त्याच फाइलमध्ये लावा.