सरासरी म्हणजे मधला नव्हे

प्रश्न: ‘कंपनीत सरासरी पगार ५० हजार’ म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून जास्त मिळतो, असंच ना? मग मध्यक आणि प्रमाण विचलन हे शब्द कशाला?

नाही. हा अर्थ रोज कानावर पडतो आणि तो चूकच आहे. नऊ जणांचं एक ऑफिस घ्या. आठ जणांचे पगार हजारांत १८, २०, २०, २२, २४, २५, २८, ३३ आणि साहेबांचा २६०. बेरीज ४५०, सरासरी ५०. नवांपैकी आठ जण सरासरीच्या खाली! चढत्या क्रमाने लावल्यावर पाचवा येतो तो २४, हा मध्यक. साहेबांना वगळलं तर सरासरी २४ च्या आसपास येते, मध्यक मात्र २४ वरून फक्त २३ होतो, म्हणजे आता मधल्या दोघांच्या, २२ आणि २४ च्या मधोमध.

‘सरासरी’ आली फारसी ‘सरासर’वरून, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं एकत्र धरून काढलेला आकडा. त्यात ‘मधला माणूस’ कुठेच नाही. इंग्रजी ‘ॲव्हरेज’ तर याहून बोलका. त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक अरबी ‘अवार’मध्ये, म्हणजे मालाच्या नुकसानीत शोधतात. वादळात जहाज वाचवायला काहींचा माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान जहाजवाला आणि सगळे व्यापारी आपापल्या मालमत्तेच्या प्रमाणात वाटून घेत. सागरी विम्यात ‘जनरल ॲव्हरेज’ आजही याच अर्थाने चालतं. सरासरीचा गाभा हाच: एकूण रकमेची वाटणी. म्हणून पगारासाठी एकूण किती पैसे लागतील हे काढायचं असेल, तर सरासरीच हवी. ५० गुणिले ९ केलं की ४५० परत मिळतात. मध्यकाने ते होत नाही. ‘आकडे एका बाजूला कललेले असले की सरासरी टाकूनच द्या’ म्हणणारे हे विसरतात.

आणि आपली पाठ्यपुस्तकं या सरासरीला ‘मध्य’ म्हणतात! मला हे मुळीच पटत नाही. जो आकडा मध्ये असेलच असं नाही त्याला ‘मध्य’, आणि खरोखर मधल्याला ‘मध्यक’. विद्यार्थ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

राहिलं प्रमाण विचलन. आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते हे सांगतं, पण अंतरांचे वर्ग करून, त्यामुळे एकच लांबचा आकडा सगळं ओढून नेतो. इथे ते सुमारे ७४ येतं, साहेबांशिवाय जेमतेम ५. ‘५० अधिक-उणे ७४’ असं लिहिलं तर खालचं टोक उणे २४ हजार, आणि उणे पगार कोणाला असतो? जी गोष्ट शून्याखाली जाऊच शकत नाही, तिचं विचलन सरासरीहून मोठं दिसलं की आकडे एका बाजूला कललेत हे ओळखा आणि मध्यक मागा.