रिफंड अडकलाय: बॅलन्स कमी की मुदत संपली, आधी वेगळं करा

प्रश्न: देवगडजवळ माझी हापूसची बाग आहे. पेट्यांचं आगाऊ बुकिंग वेबसाइटवर गेटवेतून घेतो, पेटी 3,000 रुपये. मेअखेर पाऊस लागला, शेवटची तोडणी गेली. नऊ जणांचे पैसे परत करायचे आहेत. फेब्रुवारीतल्या पाच जणांना `not enough balance` येतं, डिसेंबर-जानेवारीतल्या चौघांना पेमेंट 180 दिवसांपेक्षा जुनं असल्याचं. आज 15 जुलै. गेटवेच्या खात्यात 1,140 रुपये आहेत. पुढची विक्री गणपतीत सुरू होईल, तोवर थांबू का? की सगळ्यांना जीपे करून मोकळा होऊ?

उत्तर:

दादा, गणपतीपर्यंत थांबू नका आणि आज सरसकट जीपेही करू नका. पाच जणांचा मार्ग एक आहे, चौघांचा दुसरा. त्यातही घाई पाचांचीच आहे.

बॅलन्स कमी असल्याचा संदेश म्हणजे वाट उघडी आहे, फक्त त्या वाटेवर पैसे नाहीत. मुदत संपल्याचा संदेश म्हणजे ती वाटच बंद झाली, तिथे कितीही पैसे भरा, रिफंड जाणार नाही. आता तुमचे पाच जण बघा. त्यातलं सगळ्यात जुनं बुकिंग समजा 3 फेब्रुवारीचं असेल, तर त्याचे 180 दिवस 2 ऑगस्टला भरतात. हातात अठरा दिवस उरलेत. गणपतीची वाट पाहिलीत तर हे पाच जण एकेक करून त्या चौघांच्या रांगेत जाऊन बसतील. म्हणून पहिलं काम: ऑर्डरची यादी काढा, प्रत्येक पेमेंटच्या तारखेपुढे 180 वा दिवस लिहा आणि ज्याची तारीख आधी येते त्याचा रिफंड आधी करा. दिवस मोजायचे ते पैसे आल्याच्या तारखेपासून, पेटी देणार होतात त्या तारखेपासून नाही.

बॅलन्स का नसतो हे समजलं की पुढचं सोपं जातं. ग्राहकाने भरलेले पैसे गेटवेकडे एक-दोन दिवस थांबतात आणि मग सेटलमेंट होऊन तुमच्या बँक खात्यात येतात. रिफंड मात्र बँक खात्यातून जात नाही. गेटवेकडे तुमची जी रक्कम अजून सेटल व्हायची आहे, त्यातून तो कापला जातो. हंगामात रोज नवीन बुकिंग येत असतं, त्यामुळे जुने रिफंड नव्या पैशातून परस्पर भागतात आणि आपल्याला काही जाणवत नाही. पाऊस लागला, विक्री थांबली की हा झरा आटतो. तुमच्या बँकेत लाखभर रुपये असले तरी गेटवेला ते दिसत नाहीत.

एक हिशेब इथेच करून घ्या. पेटीचे 3,000 आले तेव्हा 2 टक्के चार्ज धरला तर 60 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 10.80, म्हणजे तुमच्या हातात 2,929.20 पडले. रिफंड करताना कापले जातात ते पूर्ण 3,000, आणि चार्ज बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. पाच जणांचे 15,000 लागतील, 1,140 आहेत, म्हणजे 13,860 कमी पडतात. यावर थोडे जास्त भरा, 14,500 वगैरे. गेटवेने आधीची काही वजावट धरून ठेवली असेल तर नेमक्या रकमेत शेवटचा रिफंड अडतो.

हे पैसे भरण्याची सोय गेटवेच्या डॅशबोर्डवरच असते, नाव प्रत्येकाकडे वेगळं. दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे काही गेटवेंकडे दोन वेगळे गल्ले असतात, चार्जेस भागवण्यासाठी एक आणि रिफंडसाठी एक. पैसे पहिल्यात टाकलेत तर ते दिसतील, पण रिफंड त्यातून जाणार नाही. भरण्याआधी रिफंडचाच पर्याय निवडलाय ना ते बघा. दुसरं म्हणजे पैसे नोंदणी केलेल्या बँक खात्यातूनच पाठवा. भावाच्या किंवा पुतण्याच्या खात्यातून पाठवले की ते जुळत नाहीत आणि परत फिरतात, त्यात तुमचे दोन-तीन दिवस जातील. पैसे जमा दिसले की आधी एकच रिफंड करून पाहा. तो `processed` झाला की मग बाकीचे चार.

आता जीपेचं. इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय, म्हणून सविस्तर सांगते. मी एका फराळाच्या दुकानाचे ऑनलाइन हिशेब बघते. एका वर्षी दिवाळीनंतर एका बाईंचा 1,850 रुपयांचा रिफंड बॅलन्सअभावी अडकला. त्या रोज फोन करत होत्या, त्यांचंही बरोबर होतं. मी वैतागून यूपीआयने पैसे पाठवले आणि विषय संपला असं समजले. प्रत्यक्षात तो रिफंड `failed` झालेलाच नव्हता, `pending` होता. संक्रांतीला तिळगुळाच्या ऑर्डर आल्या, बॅलन्स वाढला आणि रांगेतला रिफंड आपोआप निघून गेला. बाईंना पैसे दोनदा मिळाले. त्यांनी स्वतःहून कळवलं आणि परत केले, पण तेव्हापासून मी स्टेटस वाचल्याशिवाय एक रुपया बाहेर पाठवत नाही.

काही गेटवे बॅलन्स नसला की विनंती तिथेच नाकारतात, काही ती रांगेत ठेवून पुढे पाठवतात. बटण दाबल्यावर लाल अक्षरात जे येतं त्यावर विसंबू नका. रिफंडच्या यादीत जा आणि त्या पेमेंटखाली रिफंडचा स्वतंत्र क्रमांक तयार झालाय का ते बघा. क्रमांक नसेल तर विनंती नोंदवलीच गेली नाही, पुन्हा करायला हरकत नाही. क्रमांक असेल आणि पुढे `pending` असेल, तर पुन्हा बटण दाबू नका आणि बाहेरूनही पैसे देऊ नका, फक्त बॅलन्स भरा. तुम्ही पाच जणांसाठी किती वेळा प्रयत्न केला ते लिहिलेलं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी ही यादी नक्की तपासा.

चौघांकडे येऊ. आधी गेटवेच्या सपोर्टला एक मेल टाका: पेमेंटचे चार क्रमांक, तारखा, आणि जुन्या पेमेंटचा रिफंड थेट ग्राहकाच्या बँक खात्यात करण्याची काही सोय आहे का हा एकच प्रश्न. काहींकडे असते. नसेल तर उत्तरात तसं लेखी मागा, पुढे ते कागद म्हणून उपयोगी पडतं. मग तुमच्या बँकेतून पैसे द्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट अॅग्रीगेटर म्हणजे गेटवे कंपन्यांसाठीच्या नियमांत रिफंड मूळ मार्गानेच जावा असं आहे, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला संमती दिली असेल तरच अपवाद. तो नियम गेटवेला बांधतो, पण त्यामागचं कारण आपल्यालाही लागू आहे: ज्याने पैसे दिले त्यालाच ते परत मिळावेत.

म्हणून ऑर्डरवर जो फोन नंबर किंवा ईमेल आहे त्यावरच तुम्ही संपर्क साधा. कुणी अनोळखी नंबरवरून फोन करून बुकिंग माझंच होतं म्हणालं, तर बोलणं थांबवून ऑर्डरवरच्या नंबरला उलटा फोन लावा. लेखी संमती घ्या, व्हॉट्सअॅपवर चालेल. मजकूर साधारण असा ठेवा:

"तुमच्या ऑर्डर क्रमांक अमुकचे 3,000 रुपये परत करायचे आहेत. मूळ पेमेंटला 180 दिवस झाल्याने गेटवेतून रिफंड होत नाही. तुमच्या नावावरच्या बँक खात्यात रक्कम पाठवायला संमती असेल तर खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड कळवा. रक्कम मिळाल्यावर या ऑर्डरचे पूर्ण पैसे परत मिळाले असं उत्तर द्यावं."

आधी एक रुपया पाठवा, मिळाल्याचं त्यांच्याकडून आलं की उरलेले 2,999 पाठवा. खातेदाराचं नाव ऑर्डरवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. मुलीने बुकिंग केलं आणि पैसे वडिलांच्या कार्डावरून गेले असं होतं, तेव्हा कुणाच्या खात्यात द्यायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक ऑर्डरच्या नोंदीत लिहून ठेवा.

एवढी कागदपत्रं कशासाठी, तर रिफंडची मुदत संपली म्हणून ग्राहकाची तक्रारीची मुदत संपत नाही. कार्डाने पैसे भरलेल्या ग्राहकाला माल न मिळाल्यास बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत ते पैसे परत, मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्याचे 120 दिवस साधारणपणे माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून धरतात, पेमेंटपासून नाही. तुम्ही पेटी मेअखेर देणार होतात, म्हणजे जानेवारीत कार्डाने भरलेला माणूस सप्टेंबरातही तक्रार करू शकतो. तोवर तुम्ही त्याला पैसे देऊन बसलेले असाल आणि हातात पुरावा नसेल, तर चार्जबॅकमध्ये तेच पैसे पुन्हा कापले जातील. संमती, यूटीआर आणि पैसे मिळाल्याचं उत्तर या तीन गोष्टी असतील तर गेटवेच्या चार्जबॅकच्या उत्तरात त्या जोडता येतात. उत्तर द्यायला दिवस थोडे असतात, त्यामुळे गेटवेचे ईमेल या काळात रोज बघा. एखाद्याने आधीच तक्रार केली असेल तर त्याला वेगळे पैसे पाठवू नका, त्या तक्रारीतच ते मिटवा.

पुढच्या हंगामासाठी एकच बदल सुचवते. डिसेंबरात पूर्ण 3,000 घेऊ नका. 500 रुपये टोकन घ्या आणि बाकीच्या 2,500 ची लिंक पेटी भरायच्या आठवड्यात पाठवा. मेमध्ये आलेल्या 2,500 ला 180 दिवस ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात होतात, म्हणजे पावसात काही बिघडलं तरी मोठी रक्कम मूळ मार्गाने परत करायला वेळ राहतो. शेवटच्या तोडणीच्या पेट्या हातात पडेपर्यंत त्यांच्या बुकिंगचे पैसे बँकेत बाजूला ठेवा, खत आणि मजुरीला वापरू नका.

आज संध्याकाळी रिफंडची यादी उघडून पाचही ऑर्डरपुढे काय स्टेटस दिसतंय ते इथे लिहा. एखाद्यापुढे `pending` असेल तर पैसे भरण्याआधी आपण तेवढं बघून घेऊ.