दोन्ही वर्षी सरासरीत पुढे असलेला फलंदाज एकत्रित सरासरीत मागे कसा पडतो?

दोन वर्षांतील संधींची विभागणी दोघांची वेगळी असेल तर असे घडते, कारण एकत्रित सरासरी ज्या वर्षी संधी जास्त, त्या वर्षाकडे झुकते. अमेरिकी बेसबॉलमधील डेव्हिड जस्टिसने १९९५ मध्ये ४११ संधींत १०४ हिट मारले (०.२५३) आणि १९९६ मध्ये १४० संधींत ४५ (०.३२१), डेरेक जीटरचे आकडे ४८ संधींत १२ (०.२५०) आणि ५८२ संधींत १८३ (०.३१४) असे आहेत. तरीही एकत्रित सरासरी जीटरची ०.३१०, तर जस्टिसची अवघी ०.२७० भरते, कारण जीटरच्या जवळजवळ सर्व संधी चांगल्या वर्षातल्या आणि जस्टिसच्या बहुतेक संधी पडत्या वर्षातल्या आहेत. मात्र दोघांच्या संधी दोन वर्षांत सारख्याच प्रमाणात विभागलेल्या असत्या, तर हा उलटफेर अशक्य होता.