वाडीत शिरताना आधी तू बोल

मालवणकडे तलाठी म्हणून रुजू होतोयस, तर एक सांगतो. कचेरीत कोतवाल तुला आधी नमस्कार करेल, तिथे हुद्दा चालतो. वाडीत मात्र वय चालतं. घरापुढच्या खळ्यात बसलेले आजोबा तुझ्याकडे बघत राहतील, पण आपणहून बोलणार नाहीत. त्यांना आखडू समजू नकोस. येणाऱ्याने आणि लहानाने आधी बोलायचं, अशी तिथली रीत. मुकाट पुढे गेलास तर चारचौघांत आपला मान गेला, असं त्यांना वाटतं. 'वळख दिल्यान नाय' हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. मग पंचनाम्यावर सही करायला पंच मिळत नाहीत आणि विचारलेल्याला तुटक उत्तरं येतात. खळ्याकडे वळ, क्षणभर थांब, 'काय आजोबानू, बरा मा?' विचार. घाटावरचा रामराम घातलास तरी चालेल, फक्त चालत्या गाडीवरून नको.