थायरॉइडची साधी गाठ: अल्कोहोल कुठे चालते, करंट कुठे लागतो

प्रश्न: आई ५२ वर्षांची आहे, आम्ही नांदेडजवळ राहतो. तिच्या थायरॉइडमध्ये साडेचार सेंटिमीटरची साधी गाठ आहे आणि घास गिळताना दाब येतो. ऑपरेशन न करता अल्कोहोल सोडून किंवा करंटने जाळून गाठ जाते का?

उत्तर: मी लातूरला रेडिओलॉजिस्ट आहे आणि सोनोग्राफीत पाहून सुईने करायचे हे उपचार करतो. गाठ सहसा पूर्ण जात नाही, ती आकसते, आणि दाब कमी होण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते. अल्कोहोल की करंट, हे मात्र गाठीत पाणी किती आणि मांसल भाग किती यावर ठरते. म्हणून आईंच्या सोनोग्राफीच्या अहवालात आधी तेच पाहावे.

उदगीरकडच्या एका शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. वय ४४, उजव्या बाजूला ४.६ × ३.२ × ३ सेंटिमीटरची गाठ. हे तीन आकडे एकमेकांशी गुणून ०.५२४ ने गुणले की घनफळ मिळते, म्हणजे सुमारे २३ मिलि. त्यातला तीन चतुर्थांश भाग पाण्याचा होता. ज्वारीची कोरडी भाकरी खाताना घास अडकायचा आणि उजव्या कुशीवर झोपले की गळा आवळल्यासारखे वाटायचे. त्याआधी दुसरीकडे दोनदा सुईने पाणी काढले होते, पण दोन्ही वेळा दोन महिन्यांत गाठ पुन्हा भरली. यात नवल नव्हते, कारण पाणी काढले तरी ते पाझरवणारे आतले अस्तर जिवंतच राहते. इथेनॉल, म्हणजे तुम्ही विचारलेले अल्कोहोल, नेमके त्या अस्तरावर काम करते.

गाठीच्या मांसल भागातून सोनोग्राफीत पाहून दोन वेळा एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणी, केली. दोन्ही अहवाल साधे, म्हणजे कर्करोग नसल्याचे आले. थायरॉइडचे काम दाखवणारी टीएसएच ही रक्ततपासणी नॉर्मल होती. मग १६ मिलि तपकिरी द्रव काढला, त्याच्या निम्मे म्हणजे ८ मिलि शुद्ध इथेनॉल आत सोडले, काही मिनिटांनी परत ओढून घेतले. सुईचे टोक पोकळीच्या मध्यभागीच असावे लागते. ते भिंतीबाहेर सरकून थेंबभर इथेनॉल जरी झिरपले तरी कानापर्यंत झणझणीत कळ जाते, आणि रुग्णाने तसे सांगताच थांबावे लागते.

सहा महिन्यांनी पोकळी मिटलेली होती, पण ६ मिलिचा मांसल भाग उरला होता आणि गिळताना तो अजून जाणवत होता. इथे पुन्हा इथेनॉल सोडण्यात अर्थ नव्हता, कारण मांसल भागात ते एकसारखे पसरत नाही आणि तिथल्या रक्तवाहिन्या ते वाहून नेतात. अशा भागासाठी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन, म्हणजे करंटच्या उष्णतेने गाठ जाळणे, आहे. त्यांना भूल फक्त त्वचेला आणि ग्रंथीच्या आवरणाला दिली. मग मानेच्या मध्यभागातून, ग्रंथीच्या मधल्या पट्टीतून, आतून थंड राहणारा बारीक इलेक्ट्रोड गाठीत नेला. या वाटेने शिरले की त्याच्याभोवती ग्रंथीचा भाग राहतो, गरम द्रव बाहेर झिरपत नाही आणि स्वरयंत्राकडे जाणारी नस कुठे असेल हे सतत नजरेसमोर राहते. जाळण्याची सुरुवात सर्वांत खोल भागापासून करतात, कारण वाफेचे पांढरे बुडबुडे उठले की त्याखालचे काही दिसत नाही. टोक एका जागी ठेवून न जाळता थोडे थोडे मागे घेत राहतात. आम्ही बाईंना मधून मधून बोलते ठेवले होते. आवाज घोगरा झाला असता तर तत्काळ थांबून नसेजवळ डेक्स्ट्रोजचे, म्हणजे ग्लुकोजचे, थंड पाणी सोडले असते. वर्षभराने गाठ २ मिलिची राहिली आणि थायरॉइडची गोळी लागली नाही.

या उपचारात सर्वांत जपावी लागते ती ही स्वरयंत्राची नसच. ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या खाचेत, गाठीच्या मागच्या कडेला लागून असते, म्हणून ती कड अनेकदा मुद्दाम पूर्ण जाळत नाहीत. त्याची किंमत अशी की तोच जिवंत भाग दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाढू शकतो. त्यामुळे पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत फक्त लांबी न लिहिता घनफळ लिहून घ्यावे आणि काठाला रक्तप्रवाह दिसतो का तेही विचारावे.

गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, एफएनएसीचा अहवाल संशयास्पद असेल किंवा श्वासनलिका फारच दाबली गेली असेल, तर मी स्वतः शस्त्रक्रियेचाच सल्ला देतो. काढलेली गाठ पूर्ण तपासता येते. जाळलेली तपासता येत नाही. भरीव गाठ फार मोठी असेल तर करंटची दुसरी बैठक लागण्याची तयारी ठेवावी. आईंना हृदयाचा पेसमेकर असेल तर करंटच्या उपचाराआधी ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

आणि एक गोष्ट आधी तपासून घ्या. अॅसिडिटीमुळेही घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, आणि तसे असेल तर गाठ निम्मी होऊनही त्रास तसाच राहतो. आईंचा त्रास थुंकी गिळताना जास्त होतो आणि घास गिळताना कमी होतो का, हे त्यांना विचारा. उत्तर हो असेल तर गाठीला हात लावण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.