उघड्या स्विचबोर्डच्या छायाचित्रावर दुरुस्तीआधी विचारायचे प्रश्न

प्रश्न: (मजकूर नाही. केवळ छायाचित्र: भिंतीवरचा उघडा स्विचबोर्ड, आत गुंतलेल्या वायरी.)

कृपया आत्ता बोर्डाला हात लावू नका आणि प्रथम एवढे सांगा: घरात इन्व्हर्टर आहे का?

मी बरीच वर्षे वायरमनचे काम करतो. छायाचित्रात मला वायरींचे रंग दिसतात, पण त्यांतील कोणत्या वायरीत वीज आहे, हे दिसत नाही. आपल्याकडे लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असे धरतात; परंतु जुन्या घरांत हाताशी असेल ती वायर वापरलेली असते, आणि फेजऐवजी न्यूट्रलवर बटण बसवले असेल तर बटण बंद केल्यावरही होल्डरमध्ये वीज राहते.

इन्व्हर्टरबद्दल विचारण्याचे कारण एका घरात मला फार जवळून दिसले. मालकांनी मेन स्विच बंद केला होता आणि ते निर्धास्तपणे पंख्याच्या बटणाची वायर सोडवायला बसले होते. मी टेस्टर लावला, तर तो पेटला. मेन बंद होताच वीज गेली असे समजून इन्व्हर्टरने बॅटरीवरून पुरवठा सुरू केला होता, आणि तो फेज त्याच बोर्डात उतरत होता. बॅटरी १२ व्होल्टची असली, तरी इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज २३० व्होल्टच्या आसपासच असते. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा आणि मग मेन. केवळ इन्व्हर्टर बंद केल्यास बहुतेक यंत्रांतून मेनची वीज तशीच पुढे जात राहते.

दुसरा प्रश्न जळका वास, तपकिरी पडलेले प्लास्टिक किंवा भिंतीची ओल यांबद्दल आहे. छायाचित्रात १६ अँपिअरच्या सॉकेटजवळ एका वायरीचे आवरण काळवंडल्यासारखे वाटते, पण ती सावलीही असू शकेल. खरोखर काळवंडले असेल, तर बहुधा स्क्रू सैल असून गिझर किंवा इस्त्री चालू असताना तो सांधा तापतो. अशा वेळी गुंता सोडवून वायरी नीट बसवल्या, तरी दोष तसाच राहतो.

तिसरे, मीटरजवळच्या पेटीत आरसीसीबी आहे का? त्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण असते. एमसीबी वायरीला जास्त भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो. शॉक लागलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह १६ अँपिअरच्या मानाने इतका थोडा असतो की एमसीबी त्यावर पडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र जमिनीकडे होणारी एवढी गळतीही ओळखून पुरवठा तोडतो.

या तिन्हींची उत्तरे आणि त्या पेटीचे, झाकण न उघडता काढलेले छायाचित्र पाठवा. वास येत असेल किंवा भिंत ओली असेल, तर उत्तराची वाट न पाहता, पेटीपर्यंतची जागा कोरडी असल्याची खात्री करून इन्व्हर्टर व मेन दोन्ही बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.